टीएफआर २.१, तरीही एनआरआर १ पेक्षा कमी

मॅडम, नमस्कार. भूगोल घेऊन सेटची तयारी करतेय. जन्मदर, टीएफआर आणि एनआरआर यांची सूत्रं पाठ आहेत, पण उदाहरण सोडवायला घेतलं की पाचने कधी गुणायचं, हजाराने कधी भागायचं, सगळा घोळ होतो. परवा सराव पेपरात टीएफआर २.१ आला आणि एनआरआर ०.९६. नोट्समध्ये लिहिलंय की टीएफआर २.१ म्हणजे एनआरआर १, म्हणून मी उत्तर खोडून १ लिहिलं. शिवाय महाराष्ट्र आणि केरळचा टीएफआर सारखा असून जन्मदर वेगळा कसा, आणि देशाचा टीएफआर २ वर येऊनही लोकसंख्या वाढते कशी, हेही सांगाल का?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

खोडलेलं ०.९६ हेच उत्तर बरोबर असणार. टीएफआर म्हणजे एका बाईला आयुष्यभरात होणारी सरासरी मुलं, आणि एनआरआर म्हणजे तिची जागा घ्यायला पुढच्या पिढीत उभ्या राहणाऱ्या सरासरी मुली. २.१ आणि १ ही जोडी दोन अटी पाळल्या तरच जुळते, आणि नोट्समध्ये जोडी लिहितात, अटी लिहीत नाहीत. त्या अटी कुठे लपल्यात ते नुसत्या सूत्रांकडे बघून कळत नाही. एकच उदाहरण पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत हाताने सोडवलं की आपोआप दिसतं. म्हणून कागद-पेन घेऊन बस. शहर काल्पनिक आहे, आकडे हिशेबाला सोपे पडतील असे घेतलेत, पण चाल अगदी परीक्षेतल्यासारखीच आहे.

शहराची लोकसंख्या १ जानेवारीला ९,५२,००० होती आणि ३१ डिसेंबरला ९,६८,०००. वर्षभरात १६,७०० जन्मांची नोंद झाली, त्यांत १७२ मृतजन्म. प्रश्न: ढोबळ जन्मदर काढा.

इथेच दोन सापळे आहेत. जन्मदरात फक्त जिवंत जन्म धरतात, म्हणून १६,७०० मधून १७२ वजा करायचे, राहिले १६,५२८. आणि भागायचं ते वर्षाच्या मध्याला असलेल्या लोकसंख्येने. ती थेट दिलेली नसेल तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्याची सरासरी घ्यायची, म्हणजे ९,६०,०००.

ढोबळ जन्मदर = १६,५२८ ÷ ९,६०,००० × १००० = १७.२

म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे १७.२ जन्म. आता छेदात कोण कोण आहे ते बघ. आजोबा आहेत, पहिलीतला मुलगा आहे, सगळे पुरुष आहेत. ज्यांना मूल होण्याचा प्रश्नच नाही असे लोक छेदात मोठ्या संख्येने बसलेले असतात. ‘ढोबळ’ हे विशेषण त्यासाठीच आहे. समज, शहरालगत ४०,००० जवानांची छावणी आली. लोकसंख्या झाली १०,००,००० आणि जन्म तेवढेच राहिले. जन्मदर १७.२ वरून १६.५ वर आला. शहरातल्या एकाही बाईने एकही मूल कमी जन्माला घातलेलं नाही, तरी दर उतरला. प्रजननाचं वागणं जराही न बदलता जन्मदर बदलू शकतो, हे लक्षात राहिलं तर तुझ्या महाराष्ट्र-केरळच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालंच. उरलेलं अर्धं पुढे सांगते.

टीएफआरसाठी हे सगळे लोक छेदातून बाहेर काढायचे आणि फक्त १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया ठेवायच्या, त्यासुद्धा पाच-पाच वर्षांच्या सात गटांत वाटून. शेवटचा स्तंभ आत्ता झाकून ठेव, तो एनआरआरसाठी आहे.

| वयोगट | स्त्रिया | जिवंत जन्म | वयविशिष्ट जननदर (हजार स्त्रियांमागे) | मुलगी या वयात हयात असण्याचं प्रमाण |
|---|---|---|---|---|
| १५–१९ | ४०,००० | १,२०० | ३० | ०.९६० |
| २०–२४ | ४२,००० | ६,३०० | १५० | ०.९५५ |
| २५–२९ | ४०,००० | ५,४०० | १३५ | ०.९५० |
| ३०–३४ | ३६,००० | २,३४० | ६५ | ०.९४५ |
| ३५–३९ | ३४,००० | ८८४ | २६ | ०.९४० |
| ४०–४४ | ३०,००० | ३०० | १० | ०.९३० |
| ४५–४९ | २६,००० | १०४ | ४ | ०.९२० |
| एकूण | २,४८,००० | १६,५२८ | ४२० | |

परीक्षेत बहुतेकदा पहिले तीनच स्तंभ देतात, चौथा तू काढायचा. २०–२४ गटात ४२,००० स्त्रियांना ६,३०० मुलं झाली, म्हणून ६,३०० ÷ ४२,००० × १००० = १५०. असे सातही दर काढले की त्यांची बेरीज ४२० येते.

आता तुझा पाचाचा प्रश्न. १५० हा दर एका वर्षाचा आहे. वीस वर्षांची मुलगी या गटात एक वर्ष राहत नाही. २०, २१, २२, २३ आणि २४ अशी पाच वर्षं राहते, आणि त्या प्रत्येक वर्षी तिला हाच दर लागू होतो असं आपण धरतो. म्हणून एका गटातून जाताना हजार स्त्रियांना १५० च्या पाचपट, म्हणजे ७५० मुलं होतात. प्रत्येक गटाला पाचने गुणण्याऐवजी बेरीज करून एकदाच गुणलं तरी तेच.

टीएफआर = ५ × ४२० ÷ १००० = २.१

हजाराने भागायचं कारण दर हजारी होते आणि आपल्याला उत्तर एका स्त्रीमागे हवंय. उदाहरणात दर आधीच एका स्त्रीमागे दिले असतील, म्हणजे ०.१५०, ०.१३५ असे, तर हजाराने भागायचंच नाही. तक्ता वयाच्या एकेका वर्षाचा असेल, १५, १६, १७ असा, तर पाचने गुणायचं नाही. सूत्र पाठ करून घोळ होतो तो याच दोन ठिकाणी. तक्त्याचं शीर्षक वाच: गट किती वर्षांचा आहे आणि दर कितींमागे आहे. गुणक त्यावरून ठरतो.

पाच विसरलीस तर उत्तर ०.४२ येईल, हजार विसरलीस तर २१००. टीएफआर म्हणजे एका बाईला आयुष्यभरात होणारी सरासरी मुलं; तो साधारण १ ते ७ च्या दरम्यान पडायला हवा. त्याबाहेरचं काही आलं तर पर्यायांकडे न बघता मागे जाऊन चूक शोध. सराव पेपरांत ०.४२ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो, कारण पाच विसरणारे पुष्कळ असतात.

अजून एक नेहमीचा सापळा. कधीकधी वयोगट देतच नाहीत, फक्त १५ ते ४९ च्या एकूण स्त्रिया आणि एकूण जन्म देतात. त्यावरून निघतो तो सर्वसाधारण जननदर: १६,५२८ ÷ २,४८,००० × १००० = ६६.६. पुनरुत्पादनाची वर्षं ३५, म्हणून ६६.६ ला ३५ ने गुणून टीएफआर काढायचा मोह होतो. उत्तर येतं २.३३. खरा टीएफआर तर २.१ आहे. फरक कशाचा? आपल्या शहरात विशीतल्या स्त्रिया जास्त आणि चाळिशीतल्या कमी आहेत. विशीतल्यांचा दर सर्वांत मोठा, त्यांची गर्दीही मोठी, म्हणून एकत्रित दर वर सरकतो. टीएफआर काढताना प्रत्येक वयोगटाचा दर एकेकदाच बेरजेत घेतो, गटात स्त्रिया किती आहेत याला महत्त्व देत नाही. त्यामुळे स्त्रियांच्या वयरचनेचा परिणाम त्यातून निघून जातो. दोन राज्यांची किंवा दोन काळांची तुलना जन्मदराने न करता टीएफआरने करतात ती यासाठी.

छेदात सगळ्या स्त्रिया येतात, फक्त विवाहित नव्हेत, हेही बघ. प्रश्नात विवाहित स्त्रियांचा स्तंभ जास्तीचा दिला असेल तर तो वैवाहिक जननदरासाठी असतो. टीएफआर विचारला असेल तर त्याला हात लावायचा नाही.

आता महाराष्ट्र आणि केरळ. नमुना नोंदणी पद्धतीच्या, म्हणजे एसआरएसच्या २०२० च्या अहवालात दोन्ही राज्यांचा टीएफआर १.५ आहे. जन्मदर मात्र महाराष्ट्राचा १५.० आणि केरळचा १३.२. मल्याळी बाई आणि मराठी बाई त्या वर्षीच्या दरांनी आयुष्यभरात सारखीच मुलं जन्माला घालतील. पण दर हजार लोकांत मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया केरळात कमी सापडतात, कारण केरळ जास्त म्हातारं आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक केरळात १२.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. केरळचा टीएफआर आपल्या कितीतरी आधी खाली आला, त्यामुळे तिथे तरुण पिढ्या आधीच लहान झाल्या. आपल्याकडे शिवाय मुंबई-पुण्याकडे बाहेरच्या राज्यांतून तरुण माणसं येत राहतात. छेद तसाच जाडजूड राहून त्यातला तरुण स्त्रियांचा वाटा घटला की टीएफआर न हलता जन्मदर घटतो. छावणीच्या उदाहरणात जवानांनी जे केलं, तेच इथे वृद्धांची संख्या करते.

टीएफआरमध्ये एक मोठी गोष्ट मात्र धरलेली नाही. २.१ मुलं झाली, पण त्यांतल्या मुली किती? आणि त्या मुली स्वतः आई होण्याच्या वयापर्यंत जगल्या का? पुढची पिढी मुलींकडूनच जन्माला येणार आहे, म्हणून आईची जागा घ्यायला एक मुलगी तयार झाली की नाही हे पाहायचं असेल तर हे दोन प्रश्न टाळता येत नाहीत. पहिल्याचं उत्तर दिलं की स्थूल पुनरुत्पादन दर मिळतो, दोन्हींचं दिलं की निव्वळ, म्हणजे एनआरआर.

आपल्या शहरात जन्मणाऱ्या शंभर बाळांत ४८ मुली आहेत असं धर. मग

स्थूल पुनरुत्पादन दर = २.१ × ०.४८ = १.००८

इथपर्यंत सगळं ठीक वाटतं, एकाच्या किंचित वरच आहोत. आता झाकलेला शेवटचा स्तंभ उघड. ०.९५५ चा अर्थ असा की आज जन्मलेल्या हजार मुलींपैकी सरासरी ९५५ वीस ते चोवीस या वयात हयात असतील. प्रत्येक गटाचा जननदर या प्रमाणाने गुणायचा:

३० × ०.९६० = २८.८०
१५० × ०.९५५ = १४३.२५
१३५ × ०.९५० = १२८.२५
६५ × ०.९४५ = ६१.४३
२६ × ०.९४० = २४.४४
१० × ०.९३० = ९.३०
४ × ०.९२० = ३.६८

बेरीज ३९९.१५. मग पाचने गुणायचं, मुलींच्या वाट्याने गुणायचं आणि हजाराने भागायचं:

एनआरआर = ५ × ३९९.१५ × ०.४८ ÷ १००० = ०.९५८

तुझंच ०.९६. आजचे जननदर आणि आजचे मृत्युदर असेच राहिले तर शंभर स्त्रियांच्या जागी पुढच्या पिढीत सुमारे ९६ स्त्रिया उभ्या राहतील. टीएफआर २.१ असूनही.

आता त्या दोन अटी. निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे मुलींचा वाटा १०० ÷ २०५ = ०.४८८. आणि मृत्युदर खूप कमी असलेल्या देशात आई होण्याच्या सरासरी वयापर्यंत शंभरातल्या ९८ मुली पोहोचतात असं धर. दोन्ही घेऊन एनआरआर बरोबर १ यायला टीएफआर किती लागेल?

१ ÷ (०.४८८ × ०.९८) = २.०९

हाच तो २.१. तो निसर्गाचं लिंगगुणोत्तर आणि कमी मृत्युदर गृहीत धरून आलेला आकडा आहे. आपल्या शहरात मुलींचा वाटा ०.४८ आणि टिकण्याचं प्रमाण सरासरी ०.९५. तिथे १ ÷ (०.४८ × ०.९५) = २.१९ इतका टीएफआर लागला असता. जिथे मुली कमी जन्मतात किंवा लहानपणी जास्त दगावतात, तिथे नुसती पिढी भरून काढायलासुद्धा प्रत्येक बाईला जास्त मुलं व्हावी लागतात. ०.४८ हे मी उगाच घेतलेलं नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, भारतात दर हजार मुलग्यांमागे ९२९ मुली जन्मल्याचं आढळलं. ९२९ ÷ १९२९ केलंस तर ०.४८ च येतं. नैसर्गिक गुणोत्तराने हाच आकडा ९५० च्या आसपास असता. गर्भलिंगनिदानाने काढून घेतलेल्या मुली एनआरआरच्या गणितात अशा दिसतात, आणि टीएफआरमध्ये त्या अजिबात दिसत नाहीत. मला या धड्यात सगळ्यांत जास्त महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, आणि वर्गात नेमकी हीच घाईघाईत उरकली जाते.

०.९५ हे प्रमाण मी कुठून आणलं? ३९९.१५ ला ४२० ने भाग, ०.९५० येतं. आणि तक्त्यात बघितलंस तर २५–२९ गटासमोर हेच प्रमाण आहे. या शहरात आई होण्याचं सरासरी वय काढलं तर जवळजवळ २७ येतं, म्हणून. परीक्षेत वेळ कमी असेल, पूर्ण तक्ता नसेल आणि पर्याय पुरेसे लांब-लांब असतील, तर स्थूल पुनरुत्पादन दराला त्या सरासरी वयाच्या हयात-प्रमाणाने गुणलेलं चालतं: १.००८ × ०.९५ = ०.९५८. लहान प्रश्न याच साच्यातले असतात. उदाहरणार्थ टीएफआर २.४, शंभर मुलींमागे १०५ मुलगे, हयात-प्रमाण ०.९२; एनआरआर काढा. २.४ × ०.४८८ × ०.९२ = १.०८. पिढी सुमारे ८ टक्क्यांनी मोठी होईल.

एनआरआरच्या मोठ्या तक्त्यात गडबड होते ती दोन कारणांनी. काही प्रश्नांत ‘जन्म’ स्तंभाऐवजी ‘मुलींचे जन्म’ दिलेले असतात. मग मुलींचा वाटा त्या आकड्यांत आधीच आलेला असतो, पुन्हा ०.४८ ने गुणलंस तर उत्तर निम्म्यावर येईल. ०.४६ असं काही आलं आणि टीएफआर दोनच्या आसपास असला, तर समजून जा की मुलींचा वाटा दोनदा लागलाय.

दुसरं कारण जीवनसारणीचं. सांख्यिकीच्या पेपरात हयात-प्रमाण तयार देत नाहीत, जीवनसारणीतला एल स्तंभ देतात. एक लाख मुली जन्मल्या असं धरून त्या सगळ्यांनी मिळून एका वयोगटात एकूण किती वर्षं जगली, तो हा आकडा. २०–२४ साठी तो ४,७७,५०० असू शकतो. सगळ्या मुली पूर्ण पाच वर्षं जगल्या असत्या तर पाच लाख झाला असता, म्हणून ४,७७,५०० ÷ ५,००,००० = ०.९५५. या वाटेने गेलीस तर शेवटी पाचने गुणायचं. पण एक लाखाने भागून ४.७७५ घेतलंस तर त्यात पाच वर्षं आलीच. मग शेवटी पाचने गुणायचं नाही. दोन्ही रीती बरोबर आहेत, सरमिसळ चुकीची आहे. पडताळणी सोपी: एनआरआर हा स्थूल पुनरुत्पादन दरापेक्षा कधीच मोठा येऊ शकत नाही, आणि स्थूल दर टीएफआरच्या निम्म्यापेक्षा थोडा कमीच असतो. सारणीतून एनआरआर ४.७९ आला तर पाच दोनदा गुणला गेलाय.

आता तुझा शेवटचा प्रश्न. एसआरएस २०२० नुसार भारताचा टीएफआर २.० होता. मुलींचा वाटा निम्म्याहून कमी, म्हणजे स्थूल पुनरुत्पादन दरच एकाच्या खाली, एनआरआर त्याहून खाली. त्याच अहवालात जन्मदर १९.५ आणि मृत्युदर ६.० आहे. वजाबाकी १३.५, म्हणजे वर्षाला १.३५ टक्के नैसर्गिक वाढ. एक दर सांगतो पिढी लहान होणार, दुसरा सांगतो माणसं वाढतायत. दोन्ही खरे आहेत, कारण दोघांचं बोलणं वेगवेगळ्या काळाबद्दल चाललंय.

पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १९९२–९३ मध्ये, टीएफआर ३.४ होता. त्या सुमारास जन्मलेल्या मुली २०२० मध्ये २७–२८ वर्षांच्या होत्या, बरोबर आई होण्याच्या वयात. त्यांची पिढी संख्येने मोठी आहे. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी एकूण बाळं पुष्कळ होतात. उलट सत्तरी-ऐंशीत असलेली पिढी लहान लोकसंख्येत जन्मलेली, म्हणून मरणाऱ्यांची संख्या कमी. या मोठ्या पिढ्या वयाची शिडी चढून वर जाईपर्यंत जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहणार. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. ‘एनआरआर १ झाला की लोकसंख्यावाढ लगेच थांबते’ हे विधान पेपरात आलं तर ते चूक आहे. वाढ थांबायला एनआरआर दीर्घकाळ १ इतकाच किंवा त्याहून कमी राहावा लागतो आणि स्थलांतर नगण्य असावं लागतं. ते ‘लगेच’ नीट वाच, प्रश्न त्याच एका शब्दावर उभा असतो.

जोड्या लावायच्या प्रश्नासाठी धोरणांची वर्षंही याच्यासोबत लक्षात ठेव: १९८३ च्या आरोग्य धोरणाचं उद्दिष्ट २००० पर्यंत एनआरआर १, २००० च्या लोकसंख्या धोरणाचं २०१० पर्यंत टीएफआर प्रतिस्थापन पातळीवर, म्हणजे पिढी जेमतेम भरून निघेल इतका, आणि २०१७ च्या आरोग्य धोरणाचं २०२५ पर्यंत टीएफआर २.१.

टीएफआरची एक मर्यादा मात्र दीर्घोत्तरी प्रश्नात लिहायलाच हवी. आज वीस वर्षांची असलेली बाई चाळिशीत आजच्याच चाळिशीतल्या बाईसारखी वागेल, असं धरून तो काढलेला असतो. खऱ्या बायका तसं वागतातच असं नाही. जपानमध्ये १९६६ हे ‘अग्नि-अश्व’ वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक ठरते अशी समजूत असल्याने अनेक जोडप्यांनी त्या वर्षी मूल होणं टाळलं. टीएफआर १९६५ मध्ये २.१४ होता, १९६६ मध्ये १.५८ झाला आणि १९६७ मध्ये पुन्हा २.२३. जपानी बायकांनी एका वर्षापुरतं आयुष्यभराचं कुटुंब लहान केलं आणि परत मोठं केलं, असं काही घडलं नाही. जन्म फक्त पुढे-मागे सरकले. लग्न आणि पहिलं मूल उशिरा होऊ लागलं की कोणत्याही देशाचा टीएफआर असाच काही काळ खऱ्यापेक्षा खाली दिसतो. एनआरआर त्याच दरांवर उभा असल्यामुळे हा दोष त्यालाही लागतो.

कोणता दर कधी वापरायचा, हे प्रश्नात काय मागितलंय त्यावर ठरतं. पुढच्या वर्षी शहराला किती लसी, किती प्रसूतिगृहांतल्या खाटा लागतील, हे जन्मदरावरून काढ. तिथे खऱ्या बाळांची संख्या हवी असते आणि वयरचनेसकट असलेला आकडाच कामाचा. बायकांचं वागणं बदललं का, दोन राज्यांत फरक किती, हे टीएफआरवरून. पिढी स्वतःची जागा भरून काढतेय का, हे एनआरआरवरून.

आता एक काम कर. वरचाच तक्ता घे, फक्त मुलींचा वाटा ०.४८ ऐवजी १०० ÷ २०५ धर. बाकी काही बदलू नकोस. एनआरआर ०.९७४ यायला हवा, म्हणजे अजूनही १ पेक्षा कमी, कारण दुसरी अट शिल्लक आहे. मग सगळ्या हयात-प्रमाणांच्या जागी ०.९८ लिही आणि पुन्हा काढ. या वेळी १.००४ येईल. वेगळं काही आलं तर पायऱ्यांसकट लिहून पाठव, कुठे अडतंय ते बघते.